ई-वे बिल: सांगलीचा माल म्हैसाळ ओलांडून गेला की गाडी का अडते

सांगलीत घाऊक व्यापाऱ्यांच्या जीएसटीची कामं मी करतो. महिन्या-दीड महिन्यातून एकदा तरी एकच फोन येतो: "साहेब, गाडी धरली. बिल आहे, पण ई-वे बिल नाही म्हणतात. ते लागतंच कुठं?" फोन करणारा लबाड नसतो. त्याने पक्कं बिल फाडलेलं असतं, कर लावलेला असतो, पुढे रिटर्नमध्येही तो दाखवणार असतो. तरीही गाडी अडकते. दरवेळी कारण थोड्याफार फरकाने तेच निघतं, म्हणून एक खरं प्रकरण आकड्यांसकट मांडतो. नाव अर्थातच नाही.

गणपती पेठेतले एक घाऊक किराणा व्यापारी. अथणीच्या एका दुकानदाराची ऑर्डर होती, त्यात धुण्याची पावडर आणि गूळ. पावडरीची करपात्र किंमत ४३,००० रुपये. गूळ सुट्या ढेपांचा, छापील वेष्टन नसलेला, म्हणून करमुक्त, ६,००० रुपयांचा. कर्नाटकात माल जाणार म्हणून आयजीएसटी लावला, १८ टक्क्यांनी ७,७४०. बिलाची बेरीज ५६,७४० झाली. नेहमीचा भाड्याचा टेम्पो भरला, ड्रायव्हरच्या हातात बिल दिलं आणि गाडी मिरजेवरून म्हैसाळच्या रस्त्याला लागली. कागवाडच्या पुढे तपासणी पथकाने हात केला.

व्यापाऱ्याच्या डोक्यात तीन गोष्टी पक्क्या बसलेल्या होत्या. लाखाच्या आत ई-वे बिल लागत नाही. तसंही माल ४३ हजारांचाच आहे. आणि पन्नास किलोमीटरच्या आत तर लागतच नाही. या तिन्ही समजुती पेठेत सर्रास ऐकू येतात. तिन्हींत थोडंथोडं खरं आहे, आणि माणूस फसतो तो त्या थोड्या खऱ्यामुळेच.

आधी हे बिल आहे तरी काय

विक्रीचं बिल माल कोणी, कोणाला, कितीला विकला ते सांगतं. तो माल या क्षणी कोणत्या गाडीत आहे, कुठून कुठे चाललाय, हे ई-वे बिल सांगतं. माल हलायच्या आधी ewaybillgst.gov.in या पोर्टलवर ते काढायचं असतं, आणि त्याचा बारा आकडी क्रमांक मिळतो. त्याचे दोन भाग आहेत. पार्ट ए मध्ये दोन्हीकडचे जीएसटी क्रमांक, बिल क्रमांक, तारीख, मालाचा एचएसएन, किंमत आणि माल कशासाठी चाललाय ते येतं. पार्ट बी मध्ये गाडीचा नंबर किंवा वाहतूकदाराच्या बिल्टीचा क्रमांक येतो. दोन्ही भाग भरले की ई-वे बिल पुरं होतं. एवढं लक्षात असलं तरी पुढचं बरंचसं आपोआप उलगडतं.

लाखाची मर्यादा कुणासाठी

केंद्राचा नियम असा आहे की मालाची किंमत ५०,००० रुपयांच्या वर गेली की ई-वे बिल लागतं. राज्याच्या आतल्या वाहतुकीसाठी मर्यादा वाढवायची मुभा राज्यांना आहे. महाराष्ट्राने ती वापरून १ जुलै २०१८ पासून राज्यांतर्गत मर्यादा १,००,००० रुपये केली. पण ही सवलत माल महाराष्ट्रात निघून महाराष्ट्रातच उतरणार असेल तेवढ्यापुरती. माल दुसऱ्या राज्यात चालला की ५०,००० चाच आकडा, मग राज्य कुठलंही असो.

पुण्या-नाशिकच्या व्यापाऱ्याला हा घोळ सहसा पडत नाही, कारण त्याचं परराज्य लांब असतं. आपलं तसं नाही. सांगलीहून जत लांब आहे, जायला दोन तास तरी लागतात, पण जत महाराष्ट्रात आहे म्हणून तिथे लाखाची मर्यादा. कागवाड मिरजेपासून वीसेक किलोमीटरवर, आणि तिथे पन्नास हजारांची. अथणी, उगार, चिकोडीचे दुकानदार आपल्याकडे पिढ्यानपिढ्या माल भरायला येतात. ते परराज्यातले आहेत असं मनात येतच नाही. पण कायदा रस्त्याची लांबी विचारत नाही, मध्ये हद्द आहे का एवढंच विचारतो.

हीच चूक दुसऱ्या तोंडानेही होते. अथणीचा दुकानदार स्वतःची गाडी घेऊन येतो, दुकानातून माल भरतो आणि निघतो. "मी कुठं पाठवला? त्यानं नेला," असं व्यापारी म्हणतो. गिऱ्हाईक स्वतःच्या गाडीतून माल नेत असलं तरी माल हलतोच आहे आणि हद्द ओलांडतोच आहे. किंमत मर्यादेच्या वर असेल तर ई-वे बिल लागणारच. ते तुम्ही काढा नाहीतर गिऱ्हाईक काढो, पण माल दुकानाबाहेर पडायच्या आधी निघालं पाहिजे. अशा वेळी आपणच काढून दिलेलं बरं, कारण बिलावर नाव आपलं असतं.

एक अपवादही सांगून ठेवतो. तुमचा माल प्रक्रियेसाठी परराज्यातल्या जॉब वर्करकडे चलनावर जात असेल, तर किंमत कितीही असो, ई-वे बिल लागतंच. तिथे पन्नास हजारांचा आकडाही चालत नाही.

४३ हजारांचा माल पन्नास हजारांच्या वर कसा गेला

इथे बहुतेकांचा हिशेब चुकतो. मर्यादा तपासताना करपात्र किंमत धरायची नसते, तीत कर मिळवायचा असतो. सीजीएसटी, एसजीएसटी, आयजीएसटी, उपकर, जो काही बिलावर लागला असेल तो सगळा. मात्र एकाच बिलावर करमुक्त मालही असेल तर त्याची किंमत वगळायची.

आपल्या प्रकरणात पावडर ४३,००० अधिक आयजीएसटी ७,७४०, म्हणजे ५०,७४०. गुळाचे ६,००० बाजूला. मर्यादेसाठीचा आकडा ५०,७४०, म्हणजे पन्नास हजारांच्या ७४० रुपये वर. ई-वे बिल लागत होतं.

आता उलट बाजू पाहा. पावडर हजाराने कमी, म्हणजे ४२,००० ची असती, तर कर ७,५६० आणि आकडा ४९,५६० झाला असता. गूळ धरून बिलाची बेरीज ५५,५६० दिसली असती, तरी ई-वे बिल लागलं नसतं. म्हणजे बिलाच्या तळाची बेरीज बघूनही चालत नाही आणि करपात्र रक्कम बघूनही चालत नाही. दोन्हींच्या मधला एक तिसरा आकडा काढावा लागतो.

माझ्याकडच्या दिवाणजींना मी दुकानाच्या भिंतीवर चार आकडे लिहून ठेवायला सांगतो. परराज्यात जाणारा १८ टक्क्यांचा माल असेल तर करपात्र रक्कम ४२,३७२ पर्यंत, ५ टक्क्यांचा असेल तर ४७,६१९ पर्यंत ई-वे बिलाशिवाय जातो. महाराष्ट्रात हेच आकडे ८४,७४५ आणि ९५,२३८. त्याच्या वर एक रुपया गेला तरी बिल काढायला बसायचं. दोन दरांचा माल एकाच बिलावर असेल तर मात्र भिंतीवरच्या आकड्यांवर जाऊ नका, नीट बेरीज करा.

इथे हमखास एक प्रश्न येतो: मग त्याच मालाची दोन बिलं फाडली तर? वेगवेगळ्या गिऱ्हाइकांची वेगवेगळी बिलं एकाच टेम्पोत असतील, तर प्रत्येक बिल स्वतंत्र मोजायचं, त्यात काही गैर नाही. पण एकाच दुकानाची एकच ऑर्डर, त्याच दिवशी, त्याच गाडीत, आणि लागोपाठच्या क्रमांकांची दोन बिलं, दोन्ही पन्नास हजारांच्या जरा खाली, असं काही तपासणाऱ्याच्या हातात पडलं की त्याचा अर्थ काय ते त्याला सांगावं लागत नाही. ई-वे बिल काढायला पैसे पडत नाहीत. दोन-चार मिनिटांचं काम वाचवायला हा धोका घेऊ नका, असं मी प्रत्येकाला सांगतो.

पन्नास किलोमीटरची सवलत, जी तुमच्यासाठी नाही

या समजुतीने जेवढ्या गाड्या अडलेल्या मी पाहिल्या तेवढ्या दुसऱ्या कशाने नाही. नियमात पन्नास किलोमीटर आहेत, पण ते ई-वे बिलाच्या माफीसाठी नाहीत. माल तुमच्या दुकानातून वाहतूकदाराच्या गोडाऊनला पुढे पाठवण्यासाठी चालला असेल, दोन्ही जागा एकाच राज्यात असतील आणि अंतर पन्नास किलोमीटरपर्यंत असेल, तर एवढ्या तुकड्यासाठी पार्ट बी मध्ये गाडीचा नंबर भरला नाही तरी चालतो. पार्ट ए तेव्हाही भरावाच लागतो. तुमच्या छोट्या टेम्पोतून पेठेतला माल ट्रान्सपोर्टच्या गोडाऊनला नेला, तर त्या फेरीसाठी गाडीचा नंबर टाकत बसायला नको, एवढाच त्याचा हेतू.

दुकानातून थेट गिऱ्हाइकाच्या दारात माल चालला असेल तर ही सवलत नाहीच, अंतर दहा किलोमीटर असो वा चाळीस. आणि हद्दीपलीकडे तर मुळीच नाही. आमच्या व्यापाऱ्याचा टेम्पो थेट अथणीला चालला होता, साठेक किलोमीटर. तो कागवाडलाच माल उतरवणार असता तरी उत्तर हेच राहिलं असतं.

याच सवलतीतून पुढची भानगड होते. व्यापारी पार्ट ए भरतो, वाहतूकदाराचा आयडी टाकतो आणि निश्चिंत होतो. बारा आकडी क्रमांकही मिळालेला असतो. वाहतूकदाराकडचा माणूस समजतो की क्रमांक आलाय म्हणजे बिल झालं. गोडाऊनवरून गाडी निघते आणि पार्ट बी कोरा तो कोराच. हे ओळखायला सोपं आहे. छापलेल्या प्रतीवर मुदतीच्या जागी तारीख नसेल आणि "Not Valid for Movement as Part B is not entered" असं लिहिलेलं असेल, तर तुमच्या हातात अर्धंच बिल आहे. ड्रायव्हरच्या हातात कागद देण्याआधी एकच जागा बघा, मुदतीची तारीख आहे का. बाकी सगळं नंतर.

गाडी बदलली की

ज्यांनी ई-वे बिल नीट काढलेलं असतं तेही इथे अडकतात. बुक केलेला टेम्पो आला नाही म्हणून दुसरा भरला. वाटेत पंक्चर झालं, इंजिन तापलं, माल दुसऱ्या गाडीत चढवला. ड्रायव्हर फोनवर सांगतो, "शेठ, गाडी बदललीया, निघतो मी." शेठ म्हणतात बरं. पण बिलावर अजून जुन्याच गाडीचा नंबर असतो. तपासणीच्या नजरेत त्याचा अर्थ असा होतो की या गाडीतल्या मालाला ई-वे बिलच नाही.

उपाय अवघा दोन मिनिटांचा आहे, पण नवी गाडी हलायच्या आधी करायचा. पोर्टलवर लॉगिन करा, "Update Part B/Vehicle" मध्ये बिलाचा क्रमांक घाला, नवीन गाडीचा नंबर टाका, माल कुठे बदलला ते ठिकाण लिहा आणि कारण निवडा, गाडी बिघडली असेल तर "Due to Break Down". नंबर सलग टाका, मध्ये जागा नको. MH10 आणि MH11 मध्ये बोट घसरणं आपल्याकडे नेहमीचं, कारण सांगली-सातारच्या गाड्या रोज एकमेकांच्या गावात असतात. ड्रायव्हरकडून नंबर तोंडी घेऊ नका, पाटीचा फोटो मागवा.

लिहिताना एक-दोन आकडे चुकले तर घाबरायचं कारण नाही. १४ सप्टेंबर २०१८ च्या केंद्रीय परिपत्रक ६४ मध्ये अशा किरकोळ चुका स्पष्ट लिहिलेल्या आहेत. गाडीच्या नंबरात एक-दोन आकडे चुकणं, बिल क्रमांकात एक-दोन आकडे चुकणं, जीएसटी क्रमांक बरोबर असताना नावाच्या स्पेलिंगची चूक, पत्ता बरोबर असताना पिनकोड चुकणं, हे सगळं त्यात येतं. अशा चुकीवर मोठी कारवाई करू नये, सीजीएसटीचे ५०० आणि एसजीएसटीचे ५००, परराज्यातला माल असेल तर आयजीएसटीचे १,००० रुपये दंड घ्यावा, असं त्यात म्हटलं आहे. पिनकोडच्या चुकीने मुदत वाढत असेल तर मात्र ही सूट नाही. परिपत्रकाची प्रत फोनमध्ये ठेवा. गाडी अडवल्यावर ती दाखवून नम्रपणे बोलता येतं. मात्र संपूर्ण वेगळीच गाडी असेल तर ती "किरकोळ चूक" ठरत नाही. परिपत्रकाचा आधार टायपिंगच्या चुकीला आहे, विसरण्याला नाही.

मुदत

यावर थोडक्यात. दर २०० किलोमीटरला किंवा त्याच्या भागाला एक दिवस, हा दर १ जानेवारी २०२१ पासूनचा, आधी तो १०० किलोमीटरचा होता. दिवस मोजण्याची पद्धत व्यापाऱ्याच्या सोयीची आहे: पहिला दिवस बिल काढल्याच्या दुसऱ्या दिवशीच्या मध्यरात्री संपतो. सोमवारी दुपारी चारला अथणीसाठी बिल काढलं तर ते मंगळवारी रात्री बारापर्यंत चालतं. मुंबईच्या मालाला, दोनशेच्या वर आणि चारशेच्या आत अंतर असल्याने, दोन दिवस. मोजणी पार्ट बी पहिल्यांदा भरल्यापासून सुरू होते. मुदत संपायच्या आठ तास आधीपासून ते संपल्यानंतर आठ तासांपर्यंत वाढवता येते, त्यानंतर नाही. उतरवणीला रांग लागली आणि गाडी रात्रभर गिऱ्हाइकाच्या दारात उभी राहणार असेल, तर झोपायच्या आधी हे तपासा.

त्या टेम्पोचं पुढे काय झालं

गाडी अडवल्याबरोबर व्यापाऱ्याने घाईघाईत फोनवरून ई-वे बिल काढलं आणि ड्रायव्हरला पाठवलं. हे जवळजवळ प्रत्येक जण करतो. त्याचा उपयोग होत नाही, कारण बिलावर काढल्याची वेळ मिनिटासकट छापलेली असते आणि ड्रायव्हरचा जबाब त्याच्या आधीचा असतो.

कलम १२९ प्रमाणे मालाचा मालक पुढे आला तर दंड कराच्या दुप्पट. २०२२ च्या सुरुवातीपासून असं आहे. इथे कर ७,७४०, म्हणून दंड १५,४८०. मालक पुढे आलाच नाही तर मालाच्या किमतीच्या निम्मी रक्कम किंवा कराच्या दुप्पट, यांतली जी जास्त ती. म्हणून फोन बंद करून बसणं हा सगळ्यात महागडा मार्ग आहे. गाडी अडवल्यापासून सात दिवसांत नोटीस आणि नोटिशीनंतर सात दिवसांत आदेश द्यायचा असतो. दंड भरला की त्या प्रकरणाची कारवाई संपते आणि माल सुटतो. आदेश चुकीचा वाटला तर अपील करता येतं, त्यासाठी दंडाची २५ टक्के रक्कम आधी भरावी लागते.

आमच्या व्यापाऱ्याने दंड भरला. ४३ हजारांच्या पावडरीत घाऊकवाल्याला सुटतं किती, हे पेठेतल्या कुणालाही विचारा. त्या एका फेरीने अथणीच्या त्या गिऱ्हाइकाकडची कित्येक महिन्यांची कमाई गेली, आणि मला वाईट वाटतं ते याचंच, कारण त्या माणसाने एक पैशाचाही कर बुडवलेला नव्हता.

पोर्टल बिलच काढू देत नसेल

कधी कधी व्यापारी शहाणा असतो, बिल काढायला बसतोही, पण पोर्टल त्याचा जीएसटी क्रमांक अडवलेला आहे असं सांगतं. याचं कारण बहुतेक वेळा एकच असतं. लागोपाठ दोन कालावधींचं थ्री-बी रिटर्न राहिलं असेल, किंवा कंपोझिशनवाल्याचं दोन तिमाहींचं सीएमपी-०८ राहिलं असेल, तर त्याच्याकडून बाहेर जाणाऱ्या मालाचं ई-वे बिल बंद होतं. मे २०२१ पासून हे बंधन फक्त जावक मालाला आहे. त्याच्याकडे येणाऱ्या मालाचं बिल समोरचा पुरवठादार काढू शकतो. रिटर्न भरलं की सहसा क्रमांक आपोआप मोकळा होतो. नाही झाला तर पोर्टलवर "Update Block Status" मध्ये जाऊन आपला क्रमांक टाकून बघायचा.

आणि चुकीचं बिल निघालं तर त्यात पार्ट बी आणि वाहतूकदाराचा आयडी सोडून काही बदलता येत नाही. किंमत, बिल क्रमांक, गिऱ्हाइकाचा जीएसटी क्रमांक यांतलं काही चुकलं असेल तर काढल्यापासून २४ तासांच्या आत रद्द करा आणि नवीन काढा. वाटेत कुणी तपासलेलं बिल रद्द होत नाही. रद्द केल्यावर ड्रायव्हरकडचा जुना कागद फाडून टाकायला सांगा. दोन कागद हातात असले की तो नेमका जुनाच पुढे करतो.